तेल अठ्ठावीस तारखेला का संपतं?
ग्राहक व्यवहार मंत्र्यांना एक खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

महागाई कमी करा, असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते एका सहीने होणारं कामही नाही. माझी तक्रार लहान आहे आणि ती तुमच्या खात्याच्या हातातली आहे.

आमचं चौघांचं घर. आम्ही दोघं नोकरी करणारे, मुलगा चौदाचा, मुलगी नऊची. शहरात राहतो, भाड्याच्या घरात. किराण्याचा हिशेब मी वहीत लिहिते. गेल्या वर्षी लागोपाठ तीन महिने आमच्याकडे अठ्ठावीस तारखेला तेल संपलं. आधी ते एक तारखेपर्यंत व्यवस्थित पुरायचं. नवरा म्हणाला, "तळण वाढलंय तुझं." मी म्हटलं, डबे तूच भरतोस, फोडणीला तेल कोण ओततं ते बघ. दोन महिने या वादात गेले. तिसऱ्या महिन्यात मुलीने पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "आई, यावर आठशे पन्नास ग्रॅम लिहिलंय."

आम्ही वर्षानुवर्षं 'एक लिटरची पिशवी' आणत होतो. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. नवी पिशवी ८५० ग्रॅमची होती. उंची तीच, रंग तोच, किंमतही त्या महिन्यात तीच. 'लिटर' हा शब्द तेवढा गेला होता आणि त्या जागी बारीक अक्षरांत ग्रॅम आले होते. आम्हाला महिन्याला चार लिटर, म्हणजे ३६४० ग्रॅम तेल लागतं. दिवसाला सुमारे १२१ ग्रॅम. नव्या चार पिशव्यांत मिळून ३४०० ग्रॅम. वजाबाकी २४० ग्रॅम, म्हणजे बरोबर दोन दिवसांचं तेल. तळण वाढलं नव्हतं.

हे सविस्तर सांगण्याचं कारण असं की आमच्या बजेटची चूक इथेच होती. आम्ही बजेट पैशांत मांडत होतो. गेल्या महिन्यात किराण्याला इतके गेले, भाव वाढलेत, तर या महिन्यात थोडे जास्त धरू. बहुतेक घरांत असंच चालतं. भाव स्थिर असतात तोवर ही पद्धत चालते. भाव चढायला लागले की वाढ भावामुळे झाली, की आपण जास्त खाल्लं, की पिशवी लहान झाली, हे त्यातून कळायला मार्ग नाही. तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळून जातात आणि मग घरात एकमेकांवर आळ येतात.

म्हणून वही बदलली. एक तारखेला सकाळी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि धान्य, डाळी, तेल, साखर, जे जे डब्यात होतं ते वजन करून लिहिलं. महिनाभर आणलेला माल वजनासकट लिहिला, पुढच्या एक तारखेला पुन्हा वजन केलं. सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी वजा शेवटची शिल्लक, म्हणजे खरा वापर. पहिल्या महिन्याचा आकडा भरवशाचा नसतो, कारण एखाद्या पाहुण्याने किंवा आजारपणाने तो हलतो. तीन महिन्यांची सरासरी घेतली तेव्हा कुठे चित्र स्थिरावलं. आता बजेट म्हणजे आधी वजनांची यादी, आणि मग प्रत्येकापुढे किलोचा किंवा लिटरचा भाव. गुणाकार शेवटी. मुलगा वाढत्या वयाचा आहे, त्यामुळे दर सहा महिन्यांनी यादी नव्याने करावी लागते. धान्याचा आकडा त्याच्या उंचीबरोबर वर जातो.

या यादीमुळे आणखी एक कोडं सुटलं. बातम्यांत महागाईचा दर यायचा आणि तो आमच्या अनुभवाशी कधीच जुळायचा नाही. नवरा म्हणायचा, आकडे खोटे असतात. तसं नाही. त्या आकड्यात घरभाडं, प्रवास, फोन, कपडे, औषधं सगळं असतं, आणि प्रत्येकाला किती वजन द्यायचं हे असंख्य घरांच्या एकूण खर्चावरून ठरतं. ज्यांचा खर्च मोठा, त्यांच्या सवयींचा त्या सरासरीवर प्रभावही मोठा. आमच्या पगारातला मोठा वाटा खाण्यावर जातो, म्हणून आमची महागाई वेगळी. मग मी आमचीच काढली.

वर्षापूर्वीचा महिन्याचा किराणा १०० भाग धरला. त्यात धान्य आणि डाळी २५, तेल १०, दूध आणि अंडी २०, भाज्या आणि फळं २५, आणि चहा, साखर, मसाले, साबण, खाऊ असं बाकी सगळं २०. वर्षभरात धान्य-डाळी ६ टक्क्यांनी वाढल्या, म्हणजे दीड भाग. दूध-अंडी ५ टक्के, एक भाग. भाज्या-फळं १६ टक्के, चार भाग. बाकीचं १० टक्के, दोन भाग. तेलाच्या पिशवीवरची किंमत वर्षभरात १२ टक्के चढली होती, पण वजन घटल्यामुळे ग्रॅममागे वाढ २० टक्के पडली, म्हणजे दोन भाग. एकूण साडेदहा. तेवढंच खायचं तर १०० चे ११०.५ हवेत.

वजन घटलं की हिशेब कसा फसतो, हेही इथेच दिसतं. किलोचं पाकीट नऊशे ग्रॅमचं झालं तर आपण मनात 'दहा टक्के कमी' म्हणतो. पण तेवढाच किलोभर माल घ्यायला लागणारे पैसे अकरा टक्क्यांनी वाढतात. माल जितका कमी होतो, त्यापेक्षा भाव नेहमी थोडा जास्त चढतो. आणि पाकिटावरच्या किंमतीत यातलं काहीच दिसत नाही.

आमचा पगार साडेदहा टक्क्यांनी वाढला नव्हता. काटछाट आलीच. पहिल्या महिन्यात मी फार खूश होते, पैशांच्या रकान्यात महिना नेमका बसला होता. मग वजनाचा रकाना पाहिला. दूध ४५ लिटरवरून ३८ वर आलं होतं आणि फळं जवळजवळ निम्मी. कोणी ठरवून केलं नव्हतं. महिनाअखेरीला हात आखडला की माणूस आधी तेच सोडतो जे नसलं तरी पोट भरतं. धान्य कोणी सोडत नाही. दोन वाढत्या मुलांच्या घरात दूध आणि फळं कापून साधलेलं बजेट मला मान्य नव्हतं. दूध परत ४५ वर नेलं आणि 'बाकीचं' या सदरातून तयार खाऊची पाकिटं काढली. त्यातून चार भाग सुटले. उरलेले साडेसहा अजून पूर्ण सुटलेले नाहीत, हे कबूल करते.

भाजीचं वेगळंच. तिचा भाव आठवड्याला हलतो, तिला महिन्याची यादी चालत नाही. तिच्या पैशांची चार आठवड्यांत वाटणी केली की शेवटचे दोन-तीन दिवस कोरडे जातात, कारण फेब्रुवारी सोडला तर कोणताच महिना नेमका चार आठवड्यांचा नसतो. मी महिन्याच्या रकमेला दिवसांनी भागते आणि सातने गुणते. स्वस्त आठवड्यात उरलेलं पाकिटातच ठेवते, महाग आठवड्यासाठी. पाऊस बिघडला की ते पाकीट पंधरा दिवसांत रिकामं होतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही आणि त्याची तक्रार तुमच्याकडे करतही नाही.

तक्रार ही, की ही सगळी पद्धत एका आकड्यावर उभी आहे आणि तो आकडाच दुकानात सहज मिळत नाही. किलोचा भाव. मांडणीवर एका तेलापुढे लिटरची किंमत, शेजारच्यापुढे ८५० ग्रॅमची, तिसरं ८०० मिलिलिटरचं. लिटर आणि ग्रॅम यांची तुलना करायला तेलाची घनता माहीत हवी. ऑफिसमधून परतताना, हातात पिशवी, मागे रांग, अशा वेळी हे गणित कोण करणार? एकदा मी फोनवर भागाकार करत उभी होते, तर दुकानातल्या मुलाने विचारलं, "काकू, मदत करू का?" मी त्यालाच विचारलं यातलं स्वस्त कोणतं. त्याने सर्वांत मोठा डबा दाखवला. घरी येऊन भागलं, तर तोच ग्रॅममागे सर्वांत महाग निघाला. मोठं म्हणजे स्वस्त, हे नेहमी खरं नसतं, आणि ज्यांना हे ठाऊक आहे ते त्यावर कमावतात.

ही अडचण नवी नाही आणि तिची उत्तरंही तयार आहेत. युरोपीय संघाने १९९८ सालीच निर्देश काढला की विक्रीच्या किंमतीबरोबर किलो किंवा लिटरमागची किंमतही दाखवायची. ती कशी छापावी, कुठे लावावी, यासाठी २०१८ पासून आयएसओ २१०४१ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकही आहे. फ्रान्सने १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना सक्ती केली आहे. माल कमी झाला आणि त्यामुळे किलोमागचा भाव वाढला, तर वस्तूजवळ तशी पाटी दोन महिने लावायची.

माझी मागणी यातूनच आलेली आहे. किलो किंवा लिटरमागची किंमत मांडणीवरच्या पट्टीवर, विक्रीच्या किंमतीशेजारी, डोळ्यांना सहज दिसेल अशा अक्षरांत असावी. पाकिटाच्या मागच्या बाजूला, घडीखाली बारीक छापलेली आम्हाला उपयोगी नाही. एका प्रकारच्या मालाला एकच माप असावं. तेल ग्रॅममध्ये तर सगळंच ग्रॅममध्ये. आणि वजन घटवलं की जुनं आणि नवं वजन पाकिटाच्या दर्शनी बाजूला काही महिने छापणं बंधनकारक करावं. 'नवे आकर्षक पाकीट' एवढं लिहायला जागा असते, तिथेच हेही बसेल.

उत्पादक म्हणतील की खर्च वाढला की किंमत तरी वाढवावी लागते किंवा वजन तरी घटवावं लागतं. खरं आहे. आमचं म्हणणं त्यांनी वजन घटवू नये असं नाही, ते आम्हाला सांगून घटवावं इतकंच आहे. म्हणजे मी चारऐवजी पाच पिशव्यांचे पैसे आधीच बाजूला काढीन, उरलेलं तेल पुढच्या महिन्याच्या शिलकीत धरीन, आणि आमच्या घरी तळणावरून भांडण होणार नाही.

तुमच्या खात्याने या मागणीचं काय केलं, ते कळवलंत तर आभारी राहीन. या एक तारखेला पुन्हा वजन केलं. साबणाची वडी १०० वरून ९० ग्रॅमवर आली आहे.

कळावे,

आपली,
चौघांच्या घरातली हिशेब लिहिणारी