टंकलिखित अर्ज हवा, तर ओळीवर अक्षर बसेल असा नमुना द्या : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
माहिती तंत्रज्ञान विभाग

महोदय,

सविनय नमस्कार. इतरांचे अर्ज संगणकावर भरून देणे हा माझा व्यवसाय आहे. सरकारी अर्जांचे अनेक नमुने ‘फ्लॅट’ पीडीएफच्या रूपात मिळतात, म्हणजे त्यांत छापलेल्या रेषा आणि चौकटी दिसतात, पण त्यांवर क्लिक केल्यास कर्सर येत नाही. त्याच नमुन्याच्या डोक्यावर ‘अर्ज टंकलिखितच असावा’ अशी सूचना असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की अर्जदारासमोर एकच वाट उरते : प्रत्येक रेषेवर स्वतंत्र टेक्स्ट बॉक्स ठेवायचा आणि त्यातले अक्षर रेषेवर नेमके बसेपर्यंत तो सरकवायचा. ते अक्षर रेषेला टेकले किंवा शेजारच्या चौकटीत शिरले, तर तपासनीस अर्ज परत करतो. हे काम प्रत्यक्षात कसे होते आणि त्यातला किती भाग नमुना तयार करणाऱ्याच्या हाती आहे, एवढेच या पत्रात मांडत आहे.

पीडीएफमधले मोजमाप पॉइंटमध्ये चालते. एक पॉइंट म्हणजे एका इंचाचा ७२वा भाग, साधारण ०.३५ मिलिमीटर. टेक्स्ट बॉक्स ठेवताना आपण त्याचा वरचा डावा कोपरा ठरवतो. अक्षर मात्र त्या कोपऱ्यापासून काही अंतर खाली, बेसलाइन नावाच्या न दिसणाऱ्या रेषेवर उभे राहते. हे अंतर बॉक्सच्या आतल्या कोऱ्या जागेवर आणि अक्षराच्या आकारावर अवलंबून असते. त्यामुळे नाव लांब निघाले म्हणून आकार १२ वरून १० केला की बॉक्स जागचा न हलताही अक्षरे दीड-दोन पॉइंट वर सरकतात आणि शेजारच्या उत्तराशी त्यांची ओळ जुळत नाही. म्हणून जाणकार माणूस आधी सर्वांत लांब उत्तर कोणते ते पाहतो, ते मावेल असा एकच आकार पूर्ण अर्जासाठी ठरवतो आणि मगच पहिला बॉक्स ठेवतो. देवनागरीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. उकार आणि ऋकार अक्षराच्या खाली उतरतात, म्हणून १२ पॉइंट आकाराच्या मजकुराची बेसलाइन छापील रेषेच्या ३ ते ४ पॉइंट वर ठेवली नाही, तर ‘कुटुंब’ या शब्दातल्या दोन्ही उकारांतून रेषा आरपार जाते.

पत्त्याच्या तीन ओळी असतील तर अनेकजण एकच मोठा बॉक्स ठेवून त्यात तीन ओळी टाइप करतात, आणि तिथेच फसतात. छापील रेषांमधले अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २२.७ पॉइंट असेल आणि बॉक्समधल्या ओळींचे अंतर १४-१५ पॉइंट असेल, तर दुसरी ओळ रेषेच्या बरीच वर तरंगते आणि तिसरी ओळ दुसऱ्या रेषेजवळ घोटाळत राहते. ओळींमधले अंतर बदलण्याची सोय साध्या पीडीएफ प्रोग्रॅममध्ये सहसा नसते. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या रेषेवर एक बॉक्स नीट बसवायचा, त्याची प्रत काढायची आणि ती आडवी जराही न हलवता फक्त खाली २२.७ पॉइंट सरकवायची. हे सरकवणे माउसने करू नये, कीबोर्डवरच्या बाणांनी करावे, कारण माउसने ओढताना बॉक्स हटकून थोडा बाजूला जातो.

चौकटींचा प्रश्न याहून अवघड आहे. समजा, खाते क्रमांकासाठी प्रत्येकी ५ मिलिमीटर रुंदीच्या १२ चौकटी छापल्या आहेत. ५ मिलिमीटर म्हणजे १४.१७ पॉइंट. सर्व अक्षरे सारख्या रुंदीची असलेला Courier फॉन्ट घेतला, तर त्यातले प्रत्येक अक्षर आकाराच्या ०.६ पट जागा घेते, म्हणजे १० पॉइंट आकारात ६ पॉइंट. प्रत्येक अंकानंतर एक स्पेस दिली की दोन अंकांमधले अंतर १२ पॉइंट होते आणि प्रत्येक चौकटीमागे २.१७ पॉइंटची तूट साचत जाते. पहिला अंक चौकटीच्या बरोबर मध्यावर बसवला, तरी पाचव्या अंकापर्यंत तूट ८.७ पॉइंट होते. अर्धी चौकट ७.१ पॉइंटची आहे, म्हणजे पाचव्या अंकाचा मध्य चौथ्या चौकटीत येतो. बाराव्या अंकापाशी तूट जवळजवळ २४ पॉइंटवर, दीड चौकटीहून पुढे जाते. अर्जदाराला वाटते की आपण मोजून टाइप केले आहे, आणि तपासनिसाला दिसते की एका चौकटीत दोन अंक आहेत.

याचे उत्तर गणितात आहे. अंक अधिक स्पेस मिळून १४.१७ पॉइंट व्हायला हवेत, म्हणून आकार १४.१७ भागिले १.२, म्हणजे ११.८ पॉइंट हवा. काही साध्या प्रोग्रॅममध्ये असा अपूर्णांकी आकार देता येत नाही. १२ पॉइंट घेतला तर अंतर १४.४ होते आणि शेवटच्या चौकटीपर्यंत केवळ अडीच पॉइंटची चूक साचते. पहिला अंक मध्याच्या सव्वा पॉइंट डावीकडे ठेवला की ती दोन्ही टोकांना निम्मी-निम्मी वाटली जाते आणि डोळ्यांना जाणवत नाही. पण हे सगळे चौकटी समान रुंदीच्या असतील तरच जमते. जन्मतारखेत दिवस, महिना आणि वर्ष यांच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली असते, तिथे तीन वेगळे बॉक्स लागतात. वर्ड प्रोसेसरमध्ये हाताने ओढून काढलेल्या तक्त्याच्या चौकटी एकमेकींपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर लहानमोठ्या असतात, तिथे प्रत्येक अंकाला स्वतंत्र बॉक्स देण्यावाचून गत्यंतर नसते. देवनागरी नावासाठी चौकटी आखणे तर मुळातच अयोग्य आहे. ‘क्ष’ किंवा ‘स्त्री’ एका चौकटीत लिहायचे की अधिक, हे नमुना सांगत नाही आणि अक्षरे वेगळी करताना शिरोरेषा तुटते.

सर्वांत वाईट नमुना असतो तो छापलेल्या कागदाची पुन्हा स्कॅन केलेली प्रत. स्कॅनरवर कागद अर्धा अंश जरी तिरका पडला, तरी १७० मिलिमीटर लांबीच्या रेषेच्या दोन टोकांच्या उंचीत सुमारे दीड मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे ४ पॉइंटहून अधिक. टेक्स्ट बॉक्स मात्र आडवा सरळ राहतो, त्यामुळे डावीकडे नीट बसलेले वाक्य उजवीकडे रेषेला कापते किंवा तिच्यापासून दूर जाते. अशा वेळी एक उत्तर तीन-चार तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकडा थोडा खाली-वर ठेवावा लागतो. मूळ फाइल कार्यालयातल्याच कुठल्या तरी संगणकात पडलेली असताना हा उपद्व्याप अर्जदाराच्या माथी का मारला जावा, हे मला कळलेले नाही.

अर्ज भरून झाला तरी काम संपत नाही. ठेवलेले टेक्स्ट बॉक्स बहुतेक वेळा पानाचा भाग नसतात. ते पानावर चिकटवलेल्या टिपेसारखे फाइलमध्ये वेगळे साठवले जातात, आणि काही प्रोग्रॅम किंवा छपाईच्या काही सेटिंग त्या टिपा दाखवतच नाहीत. अर्जदाराच्या संगणकावर भरलेला दिसणारा अर्ज आपल्या कार्यालयात कोरा उघडतो तो यामुळे. ओळखण्याची खूण सोपी आहे : जतन केलेली फाइल पुन्हा उघडून उत्तरावर क्लिक करावे. बॉक्स निवडला जाऊन हलत असेल, तर तो अजून पानात मुरलेला नाही. तीच फाइल ‘प्रिंट’मध्ये जाऊन नव्या पीडीएफच्या रूपात जतन केली की मजकूर पानात कायम होतो. ही एक ओळ आपल्या सूचनांमध्ये छापली, तरी कोऱ्या अर्जांचे बरेच खेटे वाचतील.

नमुना फ्लॅट ठेवण्यामागचे कारण मला एका कार्यालयात असे सांगण्यात आले की त्यामुळे छापील मजकुरात कोणाला फेरफार करता येत नाही. हा समज खरा नाही. ज्या साधनाने रेषेवर नाव ठेवता येते, त्याच साधनाने एखाद्या अटीवर पांढरा चौकोनही ठेवता येतो, म्हणजे फ्लॅट फाइल प्रामाणिक अर्जदाराला अडवते आणि दुसऱ्याला अडवत नाही. पीडीएफमध्ये फील्डची, म्हणजे क्लिक करून थेट टाइप करता येईल अशा जागांची सोय १९९६ सालच्या १.२ आवृत्तीपासून आहे. चौकटींसाठीची खास सोय १.५ आवृत्तीपासून आहे : फील्डला कमाल अक्षरसंख्या १२ दिली आणि ‘Comb’ हा पर्याय निवडला, की फील्डची रुंदी आपोआप १२ समान भागांत वाटली जाते आणि प्रत्येक अंक आपल्या भागाच्या मध्यावर बसतो. वर केलेले सगळे गणित त्या एका खुणेत मिटते. फील्ड ठेवल्याने छापील मजकूर खुला होत नाही, आणि फाइलवर ‘फक्त फील्ड भरण्यास परवानगी’ असे बंधनही घालता येते. ते बंधन अभेद्य नाही, पण फ्लॅट फाइलमध्ये तर तेवढेही नसते.

सर्व नमुन्यांत फील्ड एका दमात येणार नाहीत, हे मी समजू शकतो. तोपर्यंत स्कॅन केलेल्या प्रती काढून मूळ फाइलवरून थेट तयार केलेली पीडीएफ ठेवावी, रेषांमधले अंतर पूर्ण अर्जात एकच असावे, चौकटी समान रुंदीच्या असाव्यात आणि देवनागरी उत्तरांसाठी चौकटींऐवजी सलग रेषा द्यावी. रेषेखाली बारीक अक्षरांत ‘आडनाव, नाव, वडिलांचे/पतीचे नाव’ असे छापण्याची पद्धतही सोडावी, कारण खाली उतरलेला उकार त्या अक्षरांत मिसळतो. तपासनिसांना लेखी कळवावे की मजकूर वाचता येत असेल आणि कोणत्या रकान्यातला आहे हे स्पष्ट असेल, तर अक्षर रेषेला टेकले एवढ्याच कारणाने अर्ज परत करू नये.

शेवटी, कोणताही नमुना संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी तो तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतः एकदा टेक्स्ट बॉक्स ठेवून पूर्ण भरावा, त्यात उकार असलेले लांब नाव, तीन ओळींचा पत्ता आणि सर्व अंकांचा खाते क्रमांक घालावा, आणि भरलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून छापून पाहावी, असा आदेश आपण काढावा, ही विनंती. सुरुवात खाते क्रमांकाच्या चौकटी असलेल्या अर्जांपासून करावी, कारण तिथे एका चौकटीची चूक म्हणजे पैसे भलत्याच खात्यात जाण्याचा धोका.

आपला विश्वासू,
अर्ज भरून देणारा एक नागरिक