शाळेतला जगाचा नकाशा कोणत्या प्रक्षेपणावर हवा? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

शाळांसाठी जगाचा भिंतीवरचा नकाशा मागवताना कागद, लांबी-रुंदी, लॅमिनेशन, भाषा या गोष्टी मागणीपत्रात लिहाव्याच लागतात. त्यांत आणखी एका ओळीची भर घालावी, अशी आमची विनंती आहे: नकाशा कोणत्या प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या कोणत्या पद्धतीने, काढलेला असावा. ही ओळ का हवी आणि तिच्यात नेमके काय लिहावे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आपल्याच राज्याचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमध्ये स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. भारताचे हिमाद्री संशोधन केंद्र तिथेच आहे. त्या सगळ्या बेटांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर भरते. म्हणजे महाराष्ट्रात पाच स्वालबार्ड मावतील. आता १२० सेंटीमीटर रुंदीच्या कागदावर मर्केटर प्रक्षेपणात संपूर्ण जग छापले, तर महाराष्ट्राला जेमतेम ३ चौरस सेंटीमीटर जागा मिळते आणि स्वालबार्डला जवळजवळ १४. राज्याच्या पाचव्या हिश्शाएवढी बेटे राज्याच्या चौपटीहून मोठी दिसतात. छपाई अगदी बिनचूक असली तरी असेच दिसणार, कारण हा फरक प्रक्षेपणाच्या गणितातच आहे.

ते गणित अवघड नाही. विषुववृत्ताची लांबी ४०,०७५ किलोमीटर आहे. उत्तरेकडे जावे तशी अक्षवृत्ते आखूड होत जातात. ६० अंशांवरचे अक्षवृत्त विषुववृत्ताच्या निम्मे, तर ८० अंशांवरचे सहाव्या हिश्शाच्या आसपास असते. मर्केटरच्या नकाशात मात्र सगळी रेखावृत्ते एकमेकांना समांतर उभी असतात, त्यामुळे प्रत्येक अक्षवृत्त कागदाच्या पूर्ण रुंदीएवढे लांब काढावे लागते. आपल्या १२० सेंटीमीटरच्या नकाशात विषुववृत्तावर १ सेंटीमीटर म्हणजे ३३४ किलोमीटर. मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंशांवर, तोच सेंटीमीटर ३१६ किलोमीटरचा होतो. ६० अंशांवर तो १६७ किलोमीटरचा आणि स्वालबार्डच्या मध्यावर अवघा ६७ किलोमीटरचा उरतो. नकाशाच्या कोपऱ्यात छापलेली एकच प्रमाणपट्टी संपूर्ण जगाला लावता येत नाही, ती यामुळेच.

हा झाला पूर्व-पश्चिम ताण. तेवढाच राहिला असता तर उत्तरेकडचे देश नुसते आडवे पसरलेले दिसले असते. गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये त्याला जोड दिली ती उत्तर-दक्षिण ताणाची: ज्या अक्षांशावर रुंदी जितक्या पटीने वाढते, तितक्याच पटीने तिथली उंचीही वाढवायची. त्यामुळे ६० अंशांवर दोन्ही बाजू दुप्पट होतात आणि क्षेत्रफळ चौपट. ७२ अंशांवर, म्हणजे ग्रीनलंडच्या मधल्या पट्ट्यात, क्षेत्रफळ साडेदहा पट होते. ८० अंशांवर ३३ पट. ध्रुवावर ताण अनंत होत असल्याने ध्रुव या नकाशावर कधीच येत नाही. संगणकावरचे बहुतेक वेब-नकाशे ८५.०५ अंशांपाशी कापतात ते त्यासाठीच, आणि तिथे कापले की जग नेमके चौरस कागदात बसते.

मर्केटरला आम्ही चुकीचा मानत नाही. रुंदी आणि उंची सारख्याच पटीने ताणल्यामुळे कोन शाबूत राहतात. नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषा म्हणजे होकायंत्राची एकच दिशा कायम धरून जाणारा मार्ग. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजाच्या खलाशाला हाच गुण हवा असतो, म्हणून सागरी नकाशांत मर्केटर आजही टिकून आहे. शिवाय बंदराएवढ्या लहान क्षेत्रात ताण जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो आणि त्रास होत नाही. अडचण येते ती तोच नकाशा वर्गात लावून मुलांना देशांची तुलना करायला सांगितले की. लोकसंख्येची घनता, जंगले किंवा धान्याचे उत्पादन रंगांनी दाखवणाऱ्या नकाशात डोळा रंगाचे क्षेत्र मोजतो. तिथे कॅनडा आणि रशियाचा रंग भिंत व्यापतो आणि आफ्रिकेचा रंग आक्रसतो, जरी आफ्रिका ग्रीनलंडच्या तब्बल १४ पट असली तरी.

मर्केटरमध्ये आकार तरी शुद्ध राहतात असे म्हटले जाते. ते लहान तुकड्यांपुरतेच खरे आहे. ग्रीनलंडचे दक्षिण टोक ६० अंशांजवळ आहे आणि उत्तर टोक ८३ अंशांच्या पुढे. दक्षिणेला लांबी दुप्पट ताणली जाते, तर उत्तरेला आठ पटीहून जास्त. एकाच बेटाचे डोके पायांच्या चौपट फुगवल्यावर त्याचा एकूण आकार मूळचा राहत नाही.

मग क्षेत्रफळ शुद्ध राखणारे कोणतेही प्रक्षेपण घ्यावे का? इथे निवड जपून करावी लागते. जेम्स गॉल यांनी १८५५ मध्ये मांडलेले आणि १९७३ पासून आर्नो पीटर्स यांनी गाजवलेले दंडगोलाकार समक्षेत्र प्रक्षेपण क्षेत्रफळे अचूक देते. पण त्यात ४५ अंशांच्या अक्षवृत्तांवरच रुंदी-उंचीचे नाते खरे असते. विषुववृत्तावर प्रत्येक भूभाग रुंदीच्या मानाने दुप्पट उंच होतो. मुंबईच्या अक्षांशावर १०० किलोमीटर बाजूचा चौरस काढला, तर त्याची उंची रुंदीच्या १.८ पट दिसते. महाराष्ट्र उभट, लांबुडका होतो. ६० अंशांवर उलट घडते आणि देश दुप्पट रुंद, चपटे दिसतात. क्षेत्रफळ मिळाले, पण मुलांना ओळखू येईल असा भारत गेला. हे टाळता येत नाही. गोलाचा पृष्ठभाग सगळी अंतरे कायम ठेवून सपाट करता येत नाही, हे गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केले आहे. शिवाय क्षेत्रफळ आणि कोन या दोन्ही गोष्टी एकाच सपाट नकाशात सर्वत्र शुद्ध राहू शकत नाहीत. काय राखायचे आणि काय किती सोडायचे, एवढेच आपल्या हातात असते.

शाळेच्या भिंतीसाठी आमची शिफारस इक्वल अर्थ या प्रक्षेपणाची आहे. बोयान शावरिच, टॉम पॅटरसन आणि बर्नहार्ड येनी यांनी ते २०१८ मध्ये मांडले. क्षेत्रफळे पूर्ण शुद्ध राहतात, अक्षवृत्ते सरळ आडवी असल्याने अक्षांश वाचणे सोपे जाते आणि रेखावृत्ते वक्र असल्याने आकारांची ओढाताण आटोक्यात राहते. विषुववृत्तावर उंची रुंदीच्या १.३५ पट होते, म्हणजे गॉल-पीटर्सपेक्षा बरीच सौम्य. १२० सेंटीमीटर रुंद नकाशाची उंची ५८ सेंटीमीटरच्या थोडी वर जाते. त्यावर प्रत्येक चौरस सेंटीमीटर, मुंबईत काय किंवा आर्क्टिकमध्ये काय, सुमारे ८२,६०० चौरस किलोमीटरचा. महाराष्ट्र ३.७ चौरस सेंटीमीटर, स्वालबार्ड ०.७.

दोष यातही आहेत आणि ते आधी सांगितलेले बरे. कडेकडचे देश कलतात. न्यूझीलंड तर ठळकपणे तिरके दिसते. भारत थोडासा कलतो. आपली प्रमाणवेळ ठरवणारे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्त मध्यावर घेतले तर भारत सरळ उभा राहील, पण नकाशाची कड ९७.५ अंश पश्चिमेवर येऊन उत्तर अमेरिका उभी चिरली जाईल. म्हणून मध्य रेखावृत्त ११ अंश पूर्व ठेवावे. मग कड १६९ अंश पश्चिमेवर, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून जाते आणि सायबेरियाचे पूर्व टोक तुटून नकाशाच्या दुसऱ्या बाजूला जात नाही. नकाशा तयार करणाऱ्याला `+proj=eqearth +lon_0=11` एवढी खूण पुरे. देशांच्या रेषा त्या रेखावृत्तावर आधी कापून घ्याव्यात. तसे केले नाही तर कड ओलांडणाऱ्या बहुभुजांच्या आडव्या पट्ट्या संपूर्ण नकाशावर ओढल्या जातात. भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या अधिकृत नकाशाप्रमाणेच घ्यावी. परदेशी मोफत फाइलींमध्ये ती अनेकदा वेगळी असते.

मागणीपत्रात प्रक्षेपणाचे नाव आणि मध्य रेखावृत्त हे दोन्ही लिहावेत, आणि हेच दोन तपशील नकाशाच्या तळाशी मराठीत छापले जावेत. त्याशेजारी एक वाक्य असावे: या नकाशावर क्षेत्रफळे खरी आहेत, अंतरे आणि दिशा सर्वत्र खऱ्या नाहीत. अंतरे मोजण्यासाठी पृथ्वीगोल आणि दोरा वापरावा.

आलेला नकाशा मान्य करण्यापूर्वी तपासणी वर्गातल्या साहित्यानेच होते. रेखावृत्ते सरळ आणि समांतर असतील, तर विषुववृत्त ते ३० अंश आणि ३० ते ६० अंश ही दोन अंतरे पट्टीने मोजावीत. दोन्ही प्रत्यक्षात सुमारे ३,३०० किलोमीटरची आहेत. मर्केटरच्या १२० सेंटीमीटरच्या नकाशात पहिले १०.५ आणि दुसरे १४.७ सेंटीमीटर येते. वर जाताना अंतर वाढत असेल, तर तो समक्षेत्र नकाशा नाहीच. रेखावृत्ते वक्र असतील, तर पट्टी पुरत नाही. ट्रेसिंग कागदावर भारत आणि ग्रीनलंडची बाह्यरेषा उतरवून ती मिलिमीटर आलेखकागदावर ठेवावी आणि चौकोन मोजावेत. कडेवरचे चौकोन निम्म्याहून जास्त आत असतील तेवढेच धरावेत. इक्वल अर्थच्या १२० सेंटीमीटर नकाशावर भारताचे सुमारे ४० आणि ग्रीनलंडचे सुमारे २६ चौरस सेंटीमीटर यायला हवेत, म्हणजे भारत ग्रीनलंडच्या दीडपट. रेषेच्या जाडीमुळे थोडाफार फरक पडेल; पण ग्रीनलंड भारताएवढे किंवा मोठे भरले, तर तो संच परत पाठवावा.

ही मोजणी सातवी-आठवीच्या मुलांकडून एका तासिकेत करून घेता येते. पहिला संच छापण्याआधी नमुना प्रत आम्हाला दाखवली, तर मुंबईत येऊन ती तपासून देण्याची आमची तयारी आहे.

आपले,
मुंबईतील काही भूगोल शिक्षक आणि नकाशाकार