सर, ९ मेचं भाषण तुमच्यामुळे झालं

सर, नमस्कार. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या, म्हणजे आपल्या अण्णांच्या पुण्यतिथीला बोलायचं ठरलं तेव्हा मी चार पानं लिहून तुमच्याकडे आणली होती. त्यात शिक्षणमहर्षी, बहुजनांचे कैवारी, पद्मभूषण, सगळं होतं. तुम्ही शांतपणे वाचलं आणि एवढंच विचारलंत, "अण्णांच्या बोर्डिंगात भाकरी कोण करायचं गं?" मला सांगता आलं नाही, अण्णांनीच काढलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकून.

मग तुम्ही दोन तास बसवून सांगितलंत. कोल्हापुरात मिस क्लार्क होस्टेलच्या कार्यक्रमाला अण्णा गेले, अस्पृश्य मुलांचं होस्टेल ते, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हटल्यावर ऐकलं नाही आणि राहत्या बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. तोच मुलगा पुढे १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढतो आणि तिथे सगळ्या जातीची पोरं एकाच पंगतीला बसवतो. स्वयंपाक पोरांनीच करायचा, शेतात राबायचं, आपल्या शिक्षणाला आपला घाम लावायचा. तुम्ही म्हणालात, एकाने थापलेली भाकरी दुसऱ्याने खायची, जात तिथेच गळायची, वेगळं भाषण लागायचं नाही. आणि दाणे संपले, अण्णा गावाला गेलेले, तेव्हा त्यांच्या पत्नी रयतमाउली लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं, हे सांगताना तुम्ही मध्येच थांबलात, ते मला अजून दिसतंय.

मी चारही पानं बाजूला ठेवली आणि भाकरीपासून सुरुवात केली.

मे महिना, सुट्टी, हॉलमध्ये उकाडा, तरी पोरं हलली नाहीत. शेवटी तुम्ही सांगितलेलं तेच बोलले, की कमवा आणि शिका योजनेमध्ये लायब्ररीत पुस्तकं लावणारा, बागेला पाणी घालणारा मुलगा गरीब म्हणून तिथे नाही, १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये जी पोरं राबून शिकली त्यांचाच तो भाऊ आहे. फी माफ करून घेणं वेगळं आणि फी कमवून भरणं वेगळं, अण्णांना दुसरं हवं होतं, कारण फुकट मिळालेल्यापुढे मान खाली जाते असं त्यांना वाटायचं. हा मुद्दा माझ्या पानांत कुठेच नव्हता सर, मी नुसती "गरिबांचे दाता" लिहून मोकळी झाले होते.

कार्यक्रम संपल्यावर बारावीचा एक मुलगा आला. पहाटे पेपर टाकतो, दोन वर्षं वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे. मला म्हणाला, "मॅडम, मी पुढच्या वर्षी बोलू का?" मी लगेच हो म्हटलं आणि तुमचा पत्ता दिला.

तेव्हा तो येईल, त्यालाही पहिल्यांदा भाकरीचंच विचारा. खूप खूप आभार सर.