सूचना : मनालीच्या सहलीला गाडी घेऊन येणाऱ्या सर्व सभासदांसाठी

मंडळी, डॅशबोर्डवर बर्फाच्या चांदणीसारखं चिन्ह पेटलं तर घाबरून गॅरेज शोधू नका. तो बिघाड नाही. बाहेरचं तापमान साधारण ४ अंशांपर्यंत उतरलं की बऱ्याच गाड्यांत ते दिसतं. आपल्या गगनबावड्याच्या घाटात एवढी थंडी पडत नाही, म्हणून अनेकांनी ते कधी पाहिलेलंच नसेल.

शून्याच्या आधीच इशारा का? सेन्सर बहुधा पुढच्या बंपरमागे किंवा आरशाखाली असतो आणि तो हवा मोजतो, रस्ता नाही. निरभ्र रात्री रस्ता आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा जास्त गार होतो. त्यामुळे स्क्रीनवर ३ अंश असताना डांबरावर बर्फ असू शकतो. शिवाय गाडी थांबलेली असताना इंजिनच्या उष्णतेने आकडा चढतो, तेव्हा सुटताना त्यावर विसंबू नका.

समजा, सकाळी सातला सोलंगकडे निघालात. उन्हातला रस्ता कोरडा. पुढच्या वळणावर डोंगराची सावली, काल दुपारी वितळून वाहिलेलं पाणी रात्री गोठलेलं. तो थर पारदर्शक असतो, रस्ता फक्त ओला वाटतो. टायरचा आवाज एकदम बंद झाला, स्टिअरिंग हलकं लागलं, तर तुम्ही बर्फावर आहात. ब्रेक दाबू नका, अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. वेग वळणाआधीच कमी करा. पुलांवरही तसंच, ते खालूनही गार होतात.

चिन्ह विझलं तरी सावलीतला बर्फ दुपारपर्यंत टिकतो. निदान धोका कमी व्हावा म्हणून रोज नऊनंतरच निघायचं ठरवलं आहे.