बिजागरी तुटली, दोष माझ्या हाताचा!

संपादक महोदय,

कालच्या अंकातल्या ‘लॅपटॉप जपून वापरा’ या लेखात सेवा केंद्रवाल्यांचे म्हणणे अगदी विश्वासाने छापले आहे. बिजागरी तुटण्याच्या बहुतेक तक्रारी म्हणे ग्राहकाच्या निष्काळजीपणातूनच येतात. वाचून चहा गार झाला, कारण गेले दोन महिने मी नेमके हेच वाक्य कंपनीकडून ऐकतो आहे. त्यांच्या भाषेत त्याला ‘सीआयडी’ म्हणतात, म्हणजे ‘कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज’. नाव ऐकून मला आधी वाटले की काहीतरी चौकशी होत असेल. तसे काही नसते. शिक्का असतो, तो मारला की वॉरंटी संपते.

माझा लॅपटॉप सोळा महिन्यांचा, वॉरंटी दोन वर्षांची. डाव्या बाजूची बिजागरी उपटून आली आणि झाकण उघडले की खालच्या भागाचे तोंडही उघडायला लागले. कंपनीचे उत्तर एका ओळीचे: ‘उपकरण पडल्यामुळे किंवा आघातामुळे नुकसान, वॉरंटीत बसत नाही.’

आता हे पडणे कुठे दिसते ते मला कोणी दाखवावे. लॅपटॉप खाली पडला की मार आधी कोपऱ्याला बसतो. तिथे चेप येतो, रंग उडतो, प्लास्टिक पांढरे पडते, काही वेळा स्क्रीनलाही तडा जातो. माझ्या मशीनचे चारही कोपरे शाबूत आहेत. हे मी सांगत नाही, त्यांचीच जॉबशीट सांगते. मशीन जमा करताना काउंटरवरच्या मुलाने ‘बाह्य अवस्था’ या रकान्यात ‘ओरखडे नाहीत, चेप नाही’ असे लिहून सही केली होती. जॉबशीटचा फोटो मी तिथेच काढून ठेवला. पुढे तोच कामी आला. बाकीच्या वाचकांनीही मशीन हातातून सोडण्यापूर्वी हा रकाना भरून घ्यावा. कोरा राहिला तर नंतर त्यात काहीही मावते.

तुटले कुठे, तर आत. बिजागरीची धातूची पट्टी प्लास्टिकच्या छोट्या खुंट्यांवर स्क्रूने बसवलेली असते. कारागीर त्यांना ‘बॉस’ म्हणतात. प्रत्येक खुंटीत पितळेची बारीक नट गरम करून दाबून बसवतात आणि स्क्रू त्या नटेत फिरतो. झाकण उघडमिट करताना लागणारा सगळा जोर शेवटी या तीन खुंट्यांवर येतो. बिजागरी घट्ट असेल तर दर वेळी त्या थोड्या थोड्या वर उपटल्या जातात. पहिल्यांदा केसाएवढी चीर पडते, मग दुसरी खुंटी जाते, आणि एके दिवशी ‘कट्ट’ असा आवाज येतो. त्या दिवशी तुम्ही झाकण उघडत असता, म्हणून दोषी तुम्ही.

तंत्रज्ञाने खालचे कव्हर माझ्यासमोर काढले तेव्हा एक नट टेबलावर पडली. तिच्याभोवती प्लास्टिकचे कडे अजून चिकटलेले होते. म्हणजे स्क्रू सैल झाला नव्हता, खुंटीच मुळापासून उखडली होती. तो स्वतःच म्हणाला, “तिन्ही बॉस गेलेत साहेब.” मी टॉर्च धरून पाहिले. दोन खुंट्यांच्या तुटलेल्या कडा धुळीने काळवंडल्या होत्या, तिसरीची कड पांढरीशुभ्र होती. एकाच आपटण्यात तिन्ही गेल्या असत्या तर तिन्ही कडा सारख्याच ताज्या दिसल्या असत्या. चिरेत धूळ जाऊन बसायला वेळ लागतो हो! फोटो काढू का विचारले, तो ‘काढा’ म्हणाला. चार दिवसांनी वरून अहवाल आला तो पडल्याचा. त्या बिचाऱ्याचा शब्द वाटेत कुठे हरवला कोण जाणे.

बिजागरी पहिल्या महिन्यापासून ताठ होती. एका बोटाने झाकण उचलले की खालचा भागही टेबलावरून उठायचा. नवव्या महिन्यात डाव्या कोपऱ्यात फट दिसली, एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी. कार्ड आत सरकवलेल्या अवस्थेत मी फोटो काढला आणि ईमेलने पाठवला. तेव्हा याच कंपनीने उत्तर दिले, ‘हा बिजागरीचा सामान्य ताठरपणा आहे, काळजी नसावी.’ तेव्हा सामान्य होते आणि सात महिन्यांनी माझा आघात झाला! दोन्ही पत्रे एकाच ईमेलमध्ये खाली-वर चिकटवून पाठवली. त्यावर उत्तर आले नाही. नुसते ‘आपल्या संयमाबद्दल आभार’ आले.

आता वापराचे. त्यांनी लिहिले की ‘वारंवार ने-आण’ झाली असावी. ‘असावी’ या शब्दावर मला उत्तर द्यायचे होते, म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये ही एक ओळ चालवली:

```
powercfg /batteryreport
```

विंडोज एक अहवाल तयार करते. मशीन किती वेळ बॅटरीवर आणि किती वेळ चार्जरवर चालले हे त्यात आठवड्या-आठवड्याने दिसते, शिवाय बॅटरीची किती चक्रे झाली हेही. माझी सोळा महिन्यांत ३१ चक्रे. बॅटरी पूर्ण उतरण्याइतका वापर झाला, मग तो एका दमात होवो वा तुकड्या-तुकड्याने, की साधारण एक चक्र धरतात. म्हणजे महिन्याला दोनसुद्धा नाही. हे मशीन टेबलावर, चार्जर लावून, बाहेरचा कीबोर्ड जोडून चालत होते. अर्थात एवढ्यावरून ते कधीच पडले नाही असे सिद्ध होत नाही, टेबलावरूनही वस्तू पडते. पण रोज पिशवीतून वणवण फिरवल्याची गोष्ट मात्र इथे संपते. पडल्याची गोष्ट संपवायला त्यांनीच भरलेली ती जॉबशीट पुरे.

एक गोष्ट मान्य करतो. मी झाकण बहुतेक वेळा एका कोपऱ्याला धरून उघडायचो, मध्यभागी धरून नव्हे. त्याने एका बाजूवर जास्त ताण येतो हे खरे. पण माहितीपुस्तिका दोनदा चाळली. खोलीचे तापमान, हवेतली आर्द्रता, बॅटरी आगीत टाकू नका, सगळे आहे. झाकण कुठे धरावे याबद्दल अक्षर नाही. कोपऱ्याला धरून उघडल्यावर जी वस्तू सोळा महिन्यांत उपटते तिला गैरवापर म्हणायचे की गैररचना, हे कालच्या लेखकाने सेवा केंद्राला विचारायला हवे होते. विचारले नाही.

जाता जाता, मागच्या खेपेला माझ्या पत्रातला ‘मात्र’पासूनचा अर्धा परिच्छेद आपण कापला आणि मी उलटेच बोलतोय असे छापून आले. यावेळी कात्री लावायची तर वरच्या चहाला लावा, नटेला नको.

कंपनीने आता ‘सद्भावना म्हणून’ दुरुस्तीवर सवलत देऊ केली आहे. नाकारली. सवलत घेताना जो फॉर्म भरायचा आहे त्यात ‘नुकसान ग्राहकाच्या हाताळणीतून झाल्याचे मान्य’ असे छापलेले आहे. त्याऐवजी मी एकच गोष्ट लेखी मागितली: ज्या कोपऱ्यावर आघात दिसला त्या कोपऱ्याचा फोटो. त्याला आज एकोणीस दिवस झाले. ती पितळी नट काडेपेटीत ठेवली आहे, कोणाला पाहायची असेल तर दाखवीन.

आपला,
एक नियमित वाचक