शाळेच्या गेटवर रिव्हर्स घेतल्या जाणाऱ्या व्हॅन

महोदय,

आमच्या गावातल्या एका शाळेसमोर सुट्टीच्या वेळी व्हॅन रिव्हर्स घेतल्या जातात आणि नेमकी तेव्हाच लहान पोरं त्यांच्या मागून पळत असतात. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून बरीच वादावादी झाली, पण शाळेला लेखी कुणीच कळवलं नव्हतं. म्हणून मी मुख्याध्यापकांना मेल केला.

त्यात डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहिलं : "सर, पाचच्या सुट्टीला व्हॅन थेट गेटशी येऊन उभ्या राहतात. दोन्ही बाजूंना पालकांच्या मोटारसायकली असल्यानं वळायला जागा उरत नाही आणि भरलेली गाडी मागे घ्यावी लागते. सोमवारी हे पाहिलं, गुरुवारी पुन्हा. गुरुवारी पहिलीतली एक मुलगी पडलेली पाण्याची बाटली उचलायला गाडीमागे वाकली होती. शेंगदाणेवाल्यानं पत्र्यावर थाप मारली म्हणून गाडी थांबली."

ड्रायव्हरचं नाव मुद्दामच घातलं नाही. काचेच्या खाली वाकलेलं मूल आरशात दिसत नाही, मग माणूस कितीही सावध असो. नाव घातलं की ड्रायव्हर बदलतो, गेटवरचा प्रकार तसाच राहतो.

मागणी एकच ठेवली : मुलं बाहेर असताना गेटसमोर कोणतीही गाडी रिव्हर्स जाऊ नये. त्यासाठी व्हॅन मोठ्या गेटनं मैदानात याव्यात, मागच्या गेटनं सरळ बाहेर पडाव्यात. सगळ्या गाड्यांची इंजिनं बंद झाल्यावरच वर्ग सोडावेत आणि लहान वर्ग दहा मिनिटं आधी. गतिरोधक मागितला नाही. समोरचा रस्ता बांधकाम खात्याचा, त्यावर मुख्याध्यापक काय करणार? उलट, राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात. पालक, पोलीस आणि आरटीओ यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. ही समिती बोलवावी आणि पंधरा दिवसांत कळवावं, एवढं शेवटी लिहिलं.

बैठक झाली. आता मोटारसायकली चुन्याच्या पट्टीबाहेर लागतात (शिपाईमामा तिथं उभे असतील तेव्हा तरी!) आणि लहान वर्ग आधी सुटतात. पण मागचं गेट अजून बंदच आहे, कारण त्याच्यासमोरच्या नालीवरचा ढापा तुटलेला आहे आणि भरलेली व्हॅन त्यावरून नेता येत नाही. ते काम शाळेचं नाही, नगर परिषदेचं आहे. शाळेनं आणि आम्ही पालकांनी तिथं अर्ज दिला आहे. पावसाळ्यात मैदानात चिखल होतो आणि गाड्या पुन्हा रस्त्यावरच उभ्या राहतात, तेव्हा त्याआधी ढापा बसवावा, ही आपल्या वृत्तपत्रातून विनंती.

– एक पालक, जि. लातूर