शेअर गेलेच नाहीत, मग खरेदीभाव बदलला कसा?

6 नोव्हेंबर 2025
पाचपाखाडी, ठाणे (प.)

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ठाणे शाखा

विषय: होल्डिंगमधील चुकीचा सरासरी खरेदीभाव व नफा-तोटा अहवाल दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेने मला दोनदा एकच उत्तर पाठवले: "डिमॅटमधील शेअरची संख्या जुळते, त्यामुळे तफावत नाही." संख्या जुळते हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार भावाबद्दल आहे, आणि डिमॅट स्टेटमेंटवर खरेदीभाव नसतोच. तिथे आयसिन, शेअरची संख्या आणि त्या दिवशीचे बाजारमूल्य एवढेच असते. भाव तपासायचा तर व्यवहाराच्या दिवशी तुम्ही पाठवता ती पावती, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोटच उघडावी लागते. तुमच्याकडे ती कोणी उघडलेली दिसत नाही, म्हणून हे पत्र.

12 मार्च 2025 रोजी मी एका सिमेंट कंपनीचे 60 शेअर 412.50 रुपयांनी घेतले. 9 सप्टेंबरला सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत उभा असताना दुसराच शेअर विकायला गेलो आणि बोट याच्यावर पडले. यातले 20 शेअर 455 रुपयांनी विकले गेले. चूक लक्षात येताच, साधारण नऊ मिनिटांत, तेवढेच 20 शेअर 457.20 ने परत घेतले. शेअरमागे 2 रुपये 20 पैसे, म्हणजे एकूण 44 रुपयांचा तोटा, शिवाय दलाली आणि कर. तो माझ्या बोटाचा दोष, त्याबद्दल काही म्हणणे नाही.

पण त्या दिवसापासून तुमच्या ॲपवर या 60 शेअरचा सरासरी भाव 427.40 दिसतो. हा आकडा आला कुठून, हे मी वहीत मांडून पाहिले: जुने 40 शेअर 412.50 ने, म्हणजे 16,500. नवे 20 शेअर 457.20 ने, म्हणजे 9,144. बेरीज 25,644, भागिले 60, बरोबर 427.40. म्हणजे ॲपने असे धरले की मार्चमधले 20 शेअर विकले गेले आणि सप्टेंबरमध्ये 20 नवे आले. नफा-तोटा अहवालातही या 20 शेअरवर 850 रुपयांचा अल्पकालीन भांडवली नफा दाखवला आहे.

प्रत्यक्षात एकही शेअर माझ्या खात्यातून हललेला नाही. एकाच दिवशी, एकाच एक्स्चेंजवर, त्याच शेअरची तेवढीच विक्री आणि तेवढीच खरेदी झाली, की दोन्ही एकमेकांत वजा होतात आणि देण्याघेण्याला फक्त भावातला फरक उरतो. याचे पुरावे तुमच्याच कागदांत आहेत. माझे शेअर जिथे ठेवलेले आहेत त्या सीडीएसएलवरून काढलेल्या ट्रान्झॅक्शन स्टेटमेंटमध्ये सप्टेंबरची आरंभीची शिल्लक 60, अखेरची 60 आणि मध्ये एकही नोंद नाही. तुमच्या लेजरमध्ये त्या विक्रीचे डीपी शुल्क नाही; ते शेअर डिमॅटमधून बाहेर जाताना लागते, आणि शेअर गेले असते तर ते तुम्ही सोडले नसते. तिसरा पुरावा कॉन्ट्रॅक्ट नोटवर आहे. डिलिव्हरी असती, म्हणजे शेअर खरेच खात्यातून गेले-आले असते, तर एसटीटी हा शेअर व्यवहारावरचा कर दोन्ही बाजूंना 0.1 टक्के, म्हणजे सुमारे 18 रुपये लागला असता. तुम्ही फक्त विक्रीवर 0.025 टक्के, म्हणजे 2 रुपये घेतला आहे. कर घेताना इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी मिटलेला व्यवहार, आणि होल्डिंग दाखवताना डिलिव्हरी, हे एकाच व्यवहाराचे दोन हिशेब झाले.

फरक किरकोळ वाटेल, पण मी विवरणपत्र तुमच्या अहवालावरून भरले तर न झालेल्या 850 रुपयांच्या नफ्यावर 20 टक्के कर भरीन. खरा 44 रुपयांचा तोटा सट्टा व्यवहाराचा असल्याने वेगळ्या जागी दाखवायचा असतो, तो तसाच सुटेल. शिवाय सगळे 60 शेअर 12 मार्च 2026 नंतर दीर्घकालीन ठरायला हवेत. तुमच्या नोंदीप्रमाणे त्यातल्या 20 ना सप्टेंबर 2026 पर्यंत थांबावे लागेल.

जाता जाता एक. मार्चच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर दलाली, जीएसटी, एसटीटी, मुद्रांक शुल्क वगैरे धरून 24,867.51 रुपये लागले आहेत, म्हणजे शेअरमागे 414.46 रुपये. ॲप खर्च धरतच नाही. तशी पद्धत असेल तर असो, पण "खर्च वगळून" हे दोन शब्द त्या आकड्याखाली छापावेत. भांडवली नफा काढताना एसटीटी खर्चात धरता येत नाही, बाकीचा खर्च धरता येतो. त्यामुळे हा तपशील माणसाला लागतोच.

कृपया सरासरी भाव 412.50 करावा, 9 सप्टेंबरचा व्यवहार इंट्राडे म्हणून दाखवावा आणि सुधारित नफा-तोटा अहवाल ईमेलवर पाठवावा. 21 दिवसांत हे न झाल्यास मी सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवीन. दोन्ही कॉन्ट्रॅक्ट नोटा, सप्टेंबरचे स्टेटमेंट आणि लेजरचे पान सोबत जोडले आहे. यावेळी उत्तर देणाऱ्याने निदान कॉन्ट्रॅक्ट नोटेवरचा एसटीटीचा रकाना पाहावा, ही विनंती.

आपला,
एक खातेदार